तिकीट शेवटी, पासबुक आधी

आपल्याकडे परदेशी जायचं ठरलं की पहिल्यांदा तिकीट निघतं. मग नवी सूटकेस येते, लोणच्याच्या बरण्या भरल्या जातात, गल्लीत पेढे वाटले जातात, आणि या सगळ्यानंतर कुणीतरी विचारतं, ‘अहो, व्हिसाचं काय झालं?’ तोवर निघायला तीन आठवडे उरलेले असतात. पुढचे तीन आठवडे घरात लग्नघाईपेक्षाही जास्त धावपळ होते आणि तिचा शेवट पुष्कळदा कोऱ्या पासपोर्टात होतो.

माझं मत सरळ आहे. व्हिसा नाकारला जातो तेव्हा आपण नशिबाला, त्या देशाला किंवा खिडकीपलीकडच्या माणसाला दोष देतो. पण आपल्यासारख्या गावांतून जाणाऱ्यांच्या बाबतीत दोष बहुतेक वेळा पंचांगाचा असतो. कामं सगळी केलेली असतात, पण उलट्या क्रमाने. त्यातही पैशाचा पुरावा म्हणून जे काही केलं जातं, ते पाहून माझ्यासारख्या आयुष्यभर बँकेत बसलेल्या माणसाला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. म्हणून आज कादंबरीकार बाजूला ठेवून जुन्या बँकवाल्यालाच बोलू देतो.

सेलूसारख्या गावातून आज कोण परदेशी जातं? सहलीला जाणारे थोडे. जास्त आहेत ते आईवडील. मुलगा किंवा मुलगी शिकून पुण्याला गेली, तिथून कंपनीने जर्मनीला किंवा इंग्लंडला पाठवली, आणि आता घरात बाळ येणार आहे. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी होई; लेक रेल्वेने सेलूला येई. आता माहेरच उचलून म्युनिकला न्यावं लागतं. बाळाची तारीख दूतावासाला विचारून ठरत नाही, म्हणून या प्रवासात वेळेचा हिशेब चुकला तर जे हुकतं ते पुन्हा मिळत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाचं उदाहरण सांगतो. नावं सांगत नाही, त्यांची गरजही नाही. बारा एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. मुलगी आणि जावई म्युनिकमध्ये नोकरीला. डिसेंबर २०२४मध्ये मुलीचा फोन आला, बाळाची तारीख १५ जुलै २०२५च्या आसपास. आई अठ्ठावन्न वर्षांची, वडील त्रेसष्ठ. दोघांचेही पासपोर्ट नव्हते. आईने मुंबईदेखील दोनदाच पाहिलेली. दोघं माझ्याकडे आली ती एकच प्रश्न घेऊन, ‘दादा, खात्यात किती पैसे दाखवावे लागतात?’

हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो सगळे विचारतात.

जर्मनीचा अल्प मुदतीचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. युरोपातल्या एकोणतीस देशांना तो एकच चालतो. अर्ज वाचणारा अधिकारी दोन गोष्टी शोधत असतो. पहिली, या माणसाचा तिथला खर्च कोण करणार? दुसरी, हा माणूस मुदत संपायच्या आत परत जाणार का? आपली सगळी धडपड पहिल्या प्रश्नाभोवती चालते, आणि पुष्कळ अर्ज पडतात ते दुसऱ्या प्रश्नावर. एवढं मनाशी पक्कं केलं की कुठला कागद कशासाठी जोडायचा, हे आपोआप कळू लागतं.

आता पंचांग मांडू. ते पुढून नव्हे, मागून मांडायचं असतं. शेंगेनचे नियम असे आहेत: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. निर्णय सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांत होतो, पण काही अर्जांची जास्त छाननी करावी लागली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ घेण्याचा त्यांना हक्क आहे. आपण कायम पंधरा दिवस धरून चालतो. शहाण्याने पंचेचाळीस धरावेत.

आईने २० जूनला निघावं असं ठरलं, म्हणजे बाळाच्या तारखेआधी तीनेक आठवडे. २० जूनपासून पंचेचाळीस दिवस मागे गेलं की ६ मे येते. पासपोर्ट कुरिअरने घरी यायला आठवडा धरला की एप्रिलचा शेवट. आणि अर्ज नाकारलाच, तर कारण वाचून, ती उणीव भरून दुसरा अर्ज करायला जागा हवी. म्हणून अर्जाची तारीख ठरली एप्रिलच्या मध्यावर. १५ एप्रिलपासून पंचेचाळीस दिवस मोजले तरी ३० मे येते. निघायला वीस दिवस उरतात. हा झाला शेवटचा टप्पा. त्याआधीची सगळी कामं डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत बसवायची होती.

पहिलं काम पासपोर्टचं, आणि पासपोर्टच्या आधी नावाचं. हे काम शहरातल्या लोकांना कळत नाही, आपल्याला मात्र रोज भोगावं लागतं. मुलीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव होतं मंदाकिनी. शाळेच्या दाखल्यावरही तेच. आईच्या आधार कार्डावर मात्र मंदाबाई, कारण गावात सगळे तसंच म्हणतात आणि कार्ड काढणाऱ्यानेही तसंच लिहिलं. आधारवरून पासपोर्ट निघाला असता तर म्युनिकच्या मुलीची आई आणि सेलूची अर्जदार या कागदावर दोन वेगळ्या बायका झाल्या असत्या. प्रतिज्ञापत्र जोडून सांगता येतं, पण ज्याचा खुलासा करावा लागतो असा कागद न देणं केव्हाही चांगलं. आधी आधारवरचं नाव दुरुस्त केलं. ते जपून करावं, कारण नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते. मग जानेवारीत दोघांचे पासपोर्टचे अर्ज, पोलिसांची चौकशी, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोस्टमन दारात. पासपोर्ट नवा असला की पुढचे प्रश्न उरत नाहीत. जुना असेल तर बघावं, की तो दहा वर्षांच्या आतला आहे, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणार आहे आणि त्यात दोन पानं कोरी आहेत.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, खातं.

सोबत खात्याचा निदान तीन महिन्यांचा उतारा द्यावा लागतो. लोकांना वाटतं, शेवटच्या ओळीतली शिल्लक मोठी दिसली की झालं. मग अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून, सावकाराकडून, पतसंस्थेतून पाच लाख आणायचे, खात्यात टाकायचे, बँकेतून शिलकीचा दाखला घ्यायचा आणि व्हिसा झाला की पैसे परत. आमच्या भाषेत याला खातं फुगवणं म्हणतात, आणि ते ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. बँकांनाही ही युक्ती चांगली माहीत आहे. ३१ मार्चला ठेवी फुगवून दाखवायचा मोह त्यांना स्वतःलाच वर्षानुवर्षं झालेला आहे. रिझर्व्ह बँकही रोख राखीव निधी मोजताना एका दिवसाची शिल्लक धरत नाही, पंधरवड्याची सरासरी धरते. जी गोष्ट बँकेच्या बाबतीत चालत नाही, ती तुमच्याआमच्या बाबतीत दूतावासात कशी चालेल?

शिलकीचा दाखला हा फोटो असतो. उतारा म्हणजे रोजनिशी. वाचणारा आधी सुरुवातीची शिल्लक पाहतो, मग शेवटची. दोन्हींत फार अंतर असेल तर मधल्या मोठ्या जमा रकमांवर बोट ठेवतो आणि स्वतःला विचारतो, या माणसाच्या उत्पन्नात ही रक्कम बसते का? खात्यात महिन्याला आठ-दहा हजारांची उलाढाल आणि एकदम पाच लाख जमा, तेही रोखीने, यातून त्याला श्रीमंती दिसत नाही. उसनवारी दिसते. आणि जो पैसा उसना आणून दाखवतो तो बाकीचंही उसनंच दाखवत असेल, असा संशय आला की उरलेली फाइल त्याच नजरेने वाचली जाते.

या कुटुंबालाही मेहुण्यांनी मोठ्या मनाने पाच लाख देऊ केले होते. मी म्हटलं, ‘तुमची माया तुमच्याजवळ ठेवा, खात्यात टाकू नका.’ त्यांच्या स्वतःच्या खात्याचा प्रश्न वेगळाच होता. शेतकऱ्याच्या खात्यात पैसा नोकरदारासारखा दरमहा येत नाही. वर्षातून दोनदा येतो, आणि आला की ढीग येतो. जानेवारीत त्यांनी सीसीआयला बत्तीस क्विंटल कापूस दिला आणि त्याचे सुमारे २ लाख ३८ हजार रुपये एकदम खात्यात आले. हा पैसा शंभर टक्के घामाचा, पण उताऱ्यावर तो पाच लाखांच्या उसनवारीसारखाच दिसतो. फरक दाखवायचा असेल तर त्या ओळीला कागदाचा आधार द्यावा लागतो. आम्ही उताऱ्यावर त्या जमेसमोर पेन्सिलने खूण केली आणि मागे कापूस खरेदीची पावती, सातबारा आणि आठ-अ लावला. सातबाऱ्यावर पिकाची नोंद कापूस, पावतीवर कापूस, खात्यात कापसाचे पैसे. तिन्हींत नाव एकच. या तीन कागदांनी जे काम केलं, ते दहा लाखांच्या दाखल्याने झालं नसतं.

इथे शेतकरी वाचकांना एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. ते नोंदमुक्त असावं असं कायदा म्हणत नाही. विवरणपत्र भरायची सक्ती नसली तरी स्वेच्छेने भरता येतं आणि त्यात शेतीचं उत्पन्न दाखवता येतं. कर शून्य, पण नोंद राहते. अडतीत माल घातला तर हिशोबपट्टी जपून ठेवा आणि रक्कम रोखीने न घेता खात्यावर घ्या. मुलगी परदेशी असेल तर ही सवय आजपासून लावा. तीन वर्षांनी बोलावणं येईल तेव्हा तीन वर्षांचे कागद एका दिवसात तयार होत नसतात.

तर मूळ प्रश्न, किती पैसे दाखवायचे? या कुटुंबाच्या बाबतीत खर्चाचा भार मुलीने आणि जावयाने उचलायचा होता, आणि जर्मनीत त्यासाठी रीतसर सोय आहे. तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन यजमानाने हमीपत्र द्यायचं. त्याचं जर्मन नाव ‘फरफ्लिष्टुंग्झएअरक्लेरुंग’; उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ आपल्या ओळखीचा आहे, जामीनदार! कार्यालय जावयाच्या पगाराचे कागद तपासतं आणि मगच शिक्का मारतं. पाहुण्याच्या राहण्या-जेवणाचाच नव्हे, आजारपणाचा खर्च सरकारवर पडला तर तोही यजमानाकडून वसूल होऊ शकतो. सही करण्याआधी जावयाने ते नीट वाचावं. बँकेत जामिनाच्या कागदावर न वाचता सही करणारे आणि मग नोटीस आल्यावर रडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

या हमीपत्राचंही पंचांग आहे. कार्यालयाची तारीख मिळायला मोठ्या शहरांत काही आठवडे लागू शकतात. म्हणून मुलीने जानेवारीतच ती मागून ठेवली. पत्र हाती आलं मार्चच्या मध्यावर. ते अर्जाच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून फार लवकर काढूनही उपयोग नाही. आणि अर्जाला मूळ प्रत लागते. ती म्युनिकहून कुरिअरने सेलूला यायला दिवस लागतात. फोनवर पाठवलेला फोटो तिच्याऐवजी चालत नाही.

हमीपत्र आल्यावर घरात सगळे म्हणाले, झालं, आता व्हिसा पक्का. पण हमीपत्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसरा प्रश्न, परत येणार का, तसाच उभा असतो. उलट मुलगी, जावई आणि येणारं नातवंड तिकडे म्हटल्यावर तो जास्तच टोकदार होतो.

आणि इथेच एक अडचण निघाली, जी कुठल्याही छापील यादीत सापडत नाही. दोघांनी २० जून ते १० सप्टेंबर असं मिळून जायचं ठरवलं होतं. अकरा, एकतीस, एकतीस आणि दहा, म्हणजे त्र्याऐंशी दिवस. नव्वद दिवसांच्या मर्यादेत बसत होतं, म्हणून सगळे खूश. मी वडिलांना विचारलं, ‘पेरणी कोण करणार?’ ते गप्प बसले. जूनच्या उत्तरार्धात मराठवाड्यातला शेतकरी तीन महिने शेत सोडून जातो म्हणतो, आणि त्याच अर्जात परत येण्याचं कारण म्हणून त्याच शेताचा सातबारा जोडतो, तर कागदच एकमेकांशी भांडायला लागतात.

शेवटी असं ठरलं: आईने २० जूनला जावं. वडिलांनी पेरणी, कोळपणी, पहिली खुरपणी उरकून १० ऑगस्टला निघावं, महिनाभर नातवाचं तोंड पाहावं आणि १० सप्टेंबरला दोघांनी बरोबर परत यावं. सोयाबीनच्या काढणीआधी घरी. मधल्या महिन्यात धाकट्या भावाने शेत पाहायचं. २२ ऑगस्टचा पोळा चुकणार म्हणून वडील हळहळले, पण अर्ज खरा झाला. आईच्या परत येण्याचं कारणही आपोआप भक्कम झालं: नवरा, सासू आणि बारावीतला मुलगा सेलूतच होते. हे सगळं आम्ही एका पानाच्या साध्या इंग्रजी पत्रात लिहिलं. लेकीचं बाळंतपण आहे, डॉक्टरांनी दिलेली तारीख अमुक, आई मदतीला जाते आहे, वडील पेरणीमुळे उशिरा येत आहेत, दोघं अमुक तारखेला परतणार. जे खरं आहे तेच लिहायचं, आणि ते एका पानात मावलं पाहिजे. बाळंतपणाला जाणाऱ्या आईने ‘पर्यटन’ लिहायचं आणि सोबत डॉक्टरांचा कागद जोडायचा, असा चमत्कारिक सल्ला देणारे लोक आहेत. त्यांच्यापासून दूर राहावं.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, हे पुष्कळांना ऐन वेळी समजतं. सातबारा, आठ-अ, विवाहाचा दाखला ही भाषांतरं मार्चमध्ये करून घेतली. बँकेच्या उताऱ्यावर मात्र शेवटपर्यंत थांबलो. उतारा जितका ताजा तितका चांगला, म्हणून तो अर्जाच्या आठवड्यात काढायचा, प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घेऊन. पासबुकाच्या झेरॉक्सवर भागवू नये.

आता तिकीट. नियमात पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. जाण्यायेण्याचं आरक्षण दाखवलं की पुरतं. व्हिसा हातात येण्याआधी परतावा न मिळणारं तिकीट घेणं म्हणजे कर्ज मंजूर व्हायच्या आत ट्रॅक्टर दारात उभा करण्यासारखं आहे. पण याचा दुसरा अर्थ काही दलालांनी असा काढला आहे, की कुठलाही कागद छापून द्यावा. ‘डमी तिकीट’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं अस्तित्वातच नसतं. आरक्षणाचा क्रमांक विमान कंपनीकडे तपासला की उघडं पडतं, आणि मग प्रश्न तिकिटाचा राहत नाही, तुमच्या खरेपणाचा होतो. विश्वासाच्या एजंटाकडून काही दिवस धरून ठेवलेलं खरं आरक्षण घ्यावं, नाहीतर रद्द केल्यावर पैसे परत मिळणारं तिकीट घ्यावं. आईला एकटीला जायचं होतं म्हणून मुंबईहून म्युनिकचं थेट विमान पाहिलं; मध्ये विमान बदलायला लावलं नाही.

विमाही तसाच. निदान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं, सगळ्या शेंगेन देशांत लागू हवं आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात आला पाहिजे. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळेल का, हे आधी विचारून घ्यावं.

सगळे कागद जमले की एक काम करा, जे आम्ही बँकेत रोज संध्याकाळी करायचो: टॅली. अर्ज, हमीपत्र, तिकिटाचं आरक्षण, विमा आणि तुमचं पत्र, हे पाच कागद एका ओळीत टेबलावर मांडा. जाण्याची तारीख, येण्याची तारीख आणि नावाचं स्पेलिंग, या तीनच गोष्टी पाचही ठिकाणी पाहा. आमच्या टॅलीत वडिलांचा विमा २० जूनपासूनचा निघाला, कारण तो आधीच्या बेताप्रमाणे काढला होता. दुरुस्तीला दोन दिवस लागले. हीच चूक मुंबईच्या खिडकीवर दिसली असती तर?

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोघं रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेली. अर्ज घेणारी खिडकी ही फक्त खिडकी असते. कागद घेणं, फी घेणं, बोटांचे ठसे आणि फोटो घेणं एवढंच तिचं काम. निर्णय वाणिज्य दूतावासात होतो. म्हणून ‘आतमध्ये आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. फी माणशी नव्वद युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. जून २०२४पासून ती ऐंशीची नव्वद झाली. खिडकीचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

ठशांबद्दल दोन शब्द. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या यंत्रावर आपण ते पाहतोच. निघण्याआधी आठ-दहा दिवस रोज रात्री हाताला खोबरेल तेल लावा, खुरपं हातात घेऊ नका आणि लेकीकडे जायचं म्हणून मेंदी तर मुळीच काढू नका. आईचे ठसे तिसऱ्या प्रयत्नात उमटले.

तेवीस दिवसांनी दोन्ही पासपोर्ट घरी आले, दोन्हींत व्हिसा होता. मग तिकिटं काढली. आल्यावर आधी काय पाहायचं? व्हिसाच्या चिकटपत्रावर नाव, पासून-पर्यंतच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस. तारखांची मुदत आणि राहायचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी असतात. खिडकी मोठी असली तरी राहायचं तेवढेच दिवस जेवढे लिहिलेत.

समजा, नकार आला असता? नकारासोबत छापील कागद येतो. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण. लोक रागाने तो फाडून टाकतात. खरं तर अख्ख्या फाइलीत तोच सगळ्यात मोलाचा कागद. खर्चाच्या साधनांवर खूण असेल तर पैशाचे कागद सुधारा. परत जाण्याबद्दल शंका असेल तर दहा लाख दाखवूनही उपयोग नाही, घर, शेत, माणसं यांचे कागद भक्कम करा. जर्मनीने १ जुलै २०२५पासून दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय बंद केली. आता मार्ग दोनच, नवा अर्ज किंवा बर्लिनचं न्यायालय. आपल्यासारख्यांना नवा अर्जच परवडतो, आणि त्यासाठीच पंचांगात एप्रिलची तारीख धरली होती. नकाराची नोंद मात्र शेंगेन देशांच्या सामाईक संगणकावर राहते. पुढच्या अर्जात ती लपवू नये.

ज्यांचं तिकडे कुणी नाही आणि स्वतःच्या पैशाने फिरायला जायचं आहे, त्यांच्यासाठी फरक एवढाच, की जामीनदार नसल्यामुळे सगळा भार तुमच्या खात्यावर येतो आणि प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचं आरक्षण लागतं. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. जिथला व्हिसा सोपा म्हणतात तिथे अर्ज करून राहायला दुसरीकडेच, हे आरक्षणांवरून लगेच दिसतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, इतकं अविश्वासाने आमच्याकडे पाहणाऱ्यांच्या दारात जायचंच कशाला? हा राग मला समजतो. ज्या बाईने आयुष्यात कुणाचं चार आण्याचं देणं ठेवलं नाही, तिला ‘तू परत जाशील कशावरून’ असं विचारलं जातं, तेव्हा मलाही तो झोंबतो. नोकरदाराची पगारपत्रकं पाहून बनवलेल्या यादीत कापूस पिकवणाऱ्याला स्वतःची जागा कोरून घ्यावी लागते, ही विषमताच आहे. पण कर्जाचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर बसलेल्या शेतकऱ्यालाही मी कागदच मागत होतो, त्याच्या डोळ्यांतलं खरेपण मला फाइलीला लावता येत नव्हतं. दूरच्या माणसाला आपला स्वभाव दिसत नाही, नोंदीच दिसतात.

म्हणून आमच्या शाखांतल्या तरुण सहकाऱ्यांनाही सांगणं आहे. खातं फुगवून दाखला मागायला आलेल्या ग्राहकाला हसून दाखला देऊ नका. दोन मिनिटं काढून त्याला सांगा, की याने तुमचं नुकसान होईल. आणि ज्यांच्या लेकी दूर देशी आहेत त्या आईबापांना एवढंच सांगतो: बाळाची बातमी आली की पहिला फोन तिकीटवाल्याला करू नका. आधी लेकीच्या पासपोर्टचं शेवटचं पान मागवा आणि त्यावर आपलं नाव कसं लिहिलंय ते पाहा.